चलनबाजाराच्या नावाने चाललेला जुगार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस शिक्षणाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले होते. अध्यक्षांची अनुमती घेऊन आम्ही तो विषय थोडा बदलला आहे. कारण असे की, गेल्या दोन वर्षांत नांदेड व लातूर येथील आपल्या ज्ञातीतील काही पालक निरनिराळ्या वेळी आमच्याकडे आले आणि प्रत्येकाची तक्रार जवळजवळ एकच होती. मुलास परीक्षेच्या तयारीसाठी शहरात ठेवले, त्याच्या हाती मोबाइल दिला, आणि तो त्यावर 'ट्रेडिंग' करू लागला. ट्रेडिंग म्हणजे व्यापार. हा शब्द कानी पडला म्हणजे पालकांस प्रथम समाधानच वाटते. मुलगा पत्ते खेळत नाही, व्यापार शिकतो आहे, असे ते समजतात. हा समज कितपत खरा आहे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. आम्ही आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकविले. सबब जे सांगावयाचे ते बेरीज-वजाबाकीच्या आधाराने सांगू.

प्रथम व्यापार कशास म्हणावे ते पाहू. लातूरच्या मोंढ्यात शेतकरी सोयाबीन आणतो, खरेदीदार बोली लावतो, अडत्या मध्ये उभा राहून आपली अडत घेतो. भाव चढला काय आणि उतरला काय, अडत्याचे पोट शेतकऱ्याच्या नुकसानीवर भरत नाही. सौदा झाला की माल एकाकडे जातो व पैसा दुसऱ्याकडे येतो. परकीय चलनाचा व्यवहारही मुळात असाच सरळ आहे. परदेशातून तूर मागविणाऱ्या दालमिलवाल्यास तीन महिन्यांनी डॉलर द्यावयाचे असतात. तोपर्यंत डॉलर महागला तर त्याचा हिशेब चुकतो. म्हणून तो आपल्या बँकेकडे जाऊन आजच एक दर ठरवून घेतो. त्यास डॉलरची खरी गरज असते, बँकेस तसा व्यवहार करण्याचा अधिकार असतो, आणि सौद्याची नोंद राहते.

आता मुलांच्या मोबाइलवर काय चालते ते पाहावे. पडद्यावर युरो आणि डॉलर यांच्या दराची एक रेषा नाचत असते. खाली दोन बटणे असतात, एक वर जाणारे व एक खाली जाणारे. मुलाने शंभर रुपये लावून सांगावयाचे की, एका मिनिटानंतर ही रेषा आताच्यापेक्षा वर असेल की खाली. उत्तर बरोबर आले तर शंभर परत मिळून वर ऐंशीच्या आसपास मिळतात; चुकले तर शंभरही जातात. यास 'बायनरी ऑप्शन' असे भारदस्त नाव आहे. बायनरी म्हणजे दोनच पर्याय असलेले. यात युरो कोणी घेतला नाही, डॉलर कोणी दिला नाही. एका आकड्यावर पैज मात्र लागली.

आपल्यातील वडीलधाऱ्यांस हा प्रकार नवा वाटणार नाही. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते व बंद होणारे भाव तारयंत्राने मुंबईस येत, आणि त्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत जुगार चाले. पैज लावणाऱ्याच्या घरी कापसाचे एक बोंडही नसे. १९६१ साली ते भाव येणे बंद झाले, तेव्हा जुगार बंद पडला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत याने आणि १९६४ साली रतन खत्री याने चिठ्ठ्या व पत्ते काढून आकडा ठरविण्याची पद्धत सुरू केली. तोच मटका; पुढे तो गावोगाव पोहोचला. यावरून एक गोष्ट ध्यानी येते. आकडा कापसाच्या भावातून निघो, मडक्यातून निघो वा मोबाइलच्या पडद्यावरून निघो, खेळणाऱ्याच्या दृष्टीने व्यवहार एकच असतो. फरक एवढाच की, मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा निघे. हा मिनिटामिनिटास निघतो, आणि अंथरुणात पडल्या पडल्या निघतो.

कोणी म्हणेल की, मुलगा हुशार आहे, त्यास दराचा अभ्यास आहे, तो निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगेल. तर हिशेब करून पाहू. शंभर डाव खेळले, प्रत्येकी शंभर रुपये लावले. एका मिनिटात दर वर जाईल की खाली, हे जवळजवळ नाणेफेकीसारखे असते. म्हणून पन्नास डाव जिंकले व पन्नास हरले असे धरू. जिंकलेल्या पन्नासांचे ऐंशीप्रमाणे चार हजार आले. हरलेल्या पन्नासांचे पाच हजार गेले. म्हणजे एक हजार रुपयांचा तोटा. केवळ बरोबरीत राहावयाचे असेल तरी दर शंभरांत छप्पन्न डाव जिंकावे लागतात. एका मिनिटाच्या हालचालीवर शंभरांत छप्पन्न वेळा सातत्याने बरोबर येणे ही फार दुर्घट गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी नियामकाने हे व्यवहार तपासले, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के सामान्य ग्राहकांनी पैसे गमावल्याचे त्यास आढळले. म्हणून २०२१ साली त्याने सामान्य ग्राहकांसाठी हा प्रकारच बंद केला. युरोपीय संघाने २०१८ साली व ब्रिटनने २०१९ साली अशीच बंदी घातली होती.

मग मुलांस एक युक्ती शिकविली जाते. हरलास तर पुढच्या डावात दुप्पट लाव, म्हणजे एका विजयात सर्व भरून निघेल. ही युक्ती ऐकावयास अचूक वाटते, म्हणूनच ती अधिक घातक आहे. शंभर लावून हरला, दोनशे लावून जिंकला, तर एकशे साठ मिळाले, शंभर गेले होते, साठ उरले. दोनदा हरून तिसऱ्यांदा चारशे लावले व जिंकला, तर तीनशे वीस मिळाले, तीनशे गेले होते, वीस उरले. तीनदा हरून चौथ्यांदा आठशे लावले आणि जिंकला, तरी सहाशे चाळीसच मिळतात. गेलेले असतात सातशे. म्हणजे चौथा डाव जिंकूनही साठ रुपयांचा तोटा होतो. तोटा पूर्ण भरून काढून मूळचे ऐंशी मिळवावयाचे असतील, तर रक्कम दुप्पट करून भागत नाही, सव्वादोन पट करावी लागते. शंभरापासून निघून सहाव्या पायरीवर पोहोचेपर्यंत एकूण दहा हजार तीनशे रुपये लागलेले असतात, आणि हा सारा खटाटोप ऐंशी रुपयांसाठी. ओळीने सहा वेळा हरणे म्हणजे चौसष्टांत एकदा घडणारी गोष्ट. दिवसाकाठी पन्नास-साठ वेळा हा खेळ मांडणाऱ्या मुलास तो दिवस लवकरच गाठतो. त्रेसष्ट वेळा ऐंशी मिळाले तरी पाच हजार चाळीस होतात, आणि एका फटक्यात दहा हजार तीनशे जातात.

येथवर आपण असे धरले की, पडद्यावरील दर तरी खरा आहे. पण तेही धरता येत नाही. याची परीक्षा कोणासही करता येईल. जगातील चलनबाजार शनिवारी पहाटेपासून सोमवारच्या पहाटेपर्यंत बंद असतो. तरीही या ॲपवर शनिवारी-रविवारी रेषा हलत असते आणि डाव चालू असतात. बाजार बंद असता दर कोठून येतो? तो चालकाच्या स्वतःच्या संगणकातून येतो. पैज घेणाराही तोच आणि आकडा काढणाराही तोच. मटक्यात निदान चारचौघांसमोर पत्ता उघडीत असत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बँकेत दर ठरविणाऱ्या दालमिलवाल्याच्या समोर बँक असते, मोंढ्यात शेतकऱ्यासमोर खरेदीदार असतो. या खेळात मुलाच्या समोर कोण असतो? चालक स्वतः. मुलगा जिंकला तर पैसे चालकाच्या खिशातून जातात, हरला तर त्याच्या खिशात येतात. हे न्यायालयात सिद्ध झालेले आहे. इस्रायलमधील एका कचेरीतून बिगऑप्शन व बायनरीबुक या नावांनी परदेशस्थ लोकांस दूरध्वनी केले जात. बोलणारे खोटी नावे घेत, आपण लंडनमध्ये आहोत असे सांगत, आणि तुमचा फायदा तोच आमचा फायदा असे आश्वासन देत. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. त्या कंपनीच्या प्रमुख ली एलबाझ या बाईस अमेरिकेतील न्यायालयाने २०१९ साली दोषी ठरविले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बावीस वर्षांची शिक्षा दिली. इस्रायलने तर २०१७ सालीच हा सर्व धंदा कायद्याने बंद केला होता.

चालकाचा स्वार्थ ध्यानी आला म्हणजे 'सिग्नल' देणाऱ्यांचाही उलगडा होतो. टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर एक गट असतो. त्यात कोणी 'सर' रोज सांगतात की, अमुक वेळी अमुक चलन घ्या, अमुक वेळी सोडा. सांगितलेले खरे ठरते, आणि मुलांची श्रद्धा बसते. ही श्रद्धा निर्माण करण्याची कृती फार जुनी व सोपी आहे. सहा हजार चारशे लोकांचे क्रमांक जमवावेत. निम्म्यांस सांगावे की दर चढेल, निम्म्यांस सांगावे की उतरेल. ज्यांस चुकीचे सांगितले गेले ते तीन हजार दोनशे लोक सोडून द्यावेत. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करावेत. असे सहा वेळा केले म्हणजे शंभर लोक उरतात. या शंभरांच्या दृष्टीने ते 'सर' ओळीने सहा वेळा अचूक ठरलेले असतात. त्यांस दुसऱ्या सहा हजार तीनशे लोकांची काहीच वार्ता नसते. येथे बुद्धी नाही, भागाकार आहे.

पुढे या 'सरां'ना मिळते काय? ते आपल्या दुव्यावरूनच खाते उघडावयास लावतात. त्या दुव्यात त्यांची खूण असते, आणि त्यावरून आलेल्या ग्राहकाच्या व्यवहाराचा, पुष्कळदा तर त्याच्या तोट्याचा, ठरलेला हिस्सा चालक त्यांस देतो. म्हणजे मोंढ्यातील अडत्या आणि हा मार्गदर्शक यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जो वाट दाखवितो त्याचाच धंदा तुम्ही खड्ड्यात पडण्यावर चालतो. कोणाही मुलाने गुरू शोधताना एवढा एकच प्रश्न विचारावा की, मी हरलो तर याचे काय जाते. उत्तर 'काहीच जात नाही, उलट मिळते' असे निघाले, तर तेथेच थांबावे.

आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाची हकिकत आता सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. वडील नांदेड जिल्ह्यातील शेतकरी. मुलगा लातुरास प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी ठेवलेला. वसतिगृहातील मित्राने त्यास एका चलनसंकेताच्या गटात घेतले. हा बायनरीचा नव्हे, 'फॉरेक्स'चा प्रकार होता. त्यात थोड्या पैशांवर मोठा सौदा दाखवितात. हजार रुपये ठेवा, पाच लाखांचा सौदा करा, असे त्याचे स्वरूप असते. पाच लाखांवर दर हजारी दोन रुपयांनी उलट फिरला की ठेवलेले हजार संपतात. आणि इतकी हालचाल कोणत्याही साध्या दिवशी होते.

मुलाने प्रथम दोन हजार भरले. तिसऱ्या दिवशी त्याने नऊशे रुपये काढून पाहिले. ते खरोखरच त्याच्या बँकखात्यात आले. हेच ते आमिष. मासे धरणारा गळास जे लावतो, त्याचा खर्च त्याने आधीच धरलेला असतो. त्यानंतर दीड महिन्यात मुलाने वसतिगृहाचे पैसे, शिकवणीचा हप्ता आणि शेवटी वडिलांनी सोयाबीन विकून पाठविलेली रक्कम, असे मिळून एक लाख चाळीस हजार रुपये भरले. पडद्यावर त्याचे चार लाख बारा हजार झालेले दिसत होते. वडील बँकेचे पासबुक घेऊन आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही ओळीने नोंदी वाचल्या. कंपनीचे नाव एकाही ओळीत नव्हते. पैसे पाच निरनिराळ्या नावांच्या खात्यांत गेले होते. कोठे कोणी व्यक्ती, कोठे किराणा दुकानासारखे नाव. पडद्यावर लिहिलेले चार लाख बारा हजार हे कोणत्याच बँकेत नव्हते; ते फळ्यावर खडूने लिहिलेल्या आकड्यासारखे होते.

पैसे परत मागताच निराळेच नाटक सुरू झाले. नफा दोन लाख बहात्तर हजार झाला आहे, त्यावर तीस टक्के कर आधी भरा, मगच रक्कम सुटेल, असा संदेश आला. कर एक्याऐंशी हजार सहाशे. मुलाने रडत रडत वडिलांस सांगितले. वडिलांनी अडत्याकडून उचल घेऊन ती रक्कम भरली. दुसऱ्या दिवशी खाते पडताळणीसाठी आणखी पैसे मागण्यात आले. तेव्हा कोठे ते थांबले. एकूण दोन लाख एकवीस हजार सहाशे रुपयांतून परत आले होते ते नऊशे. महिन्याभराने एका अनोळखी माणसाने दूरध्वनी करून, आम्ही सायबर वकील आहोत, बुडालेली रक्कम काढून देतो, आधी नोंदणीचे पाच हजार पाठवा, असेही सांगितले. बुडालेल्यांची यादी विकली जाते आणि त्याच माणसास दुसऱ्यांदा गाठले जाते, हे यावरून उघड होते.

या हकिकतीत ओळखण्याजोगी खूण कोणती, ते नीट लक्षात ठेवावे. आपल्याच पैशातून पैसे काढण्यासाठी आधी नवे पैसे मागितले जातात, ही ती खूण. खऱ्या व्यवहारात कापावयाचा कर देण्याच्या रकमेतूनच कापला जातो. बाकीचा कर आपण आपल्या पॅन क्रमांकावर आयकर खात्याकडे भरतो. कोणत्याही खासगी माणसाच्या खात्यात कर भरावयाचा नसतो. ज्या क्षणी असा संदेश येईल, त्या क्षणी मूळ रक्कम गेली असे समजून पुढचे एक रुपयाही पाठवू नये. त्या शेतकऱ्याचे एक्याऐंशी हजार एवढ्या एका नियमाने वाचले असते.

हे सारे लहान भामट्यांचे काम आहे, नावाजलेल्या कंपन्या असे करणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण आहे. ऑक्टाएफएक्स या चलनव्यवहाराच्या ॲपची जाहिरात क्रिकेटच्या आयपीएल स्पर्धेत झळकत असे; दिल्लीच्या संघाशी त्याचा प्रायोजक म्हणून करार होता. पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात नोंद झालेल्या गुन्ह्यावरून सक्तवसुली संचालनालयाने त्याचा तपास हाती घेतला. संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे जुलै २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात भारतीय गुंतवणूकदारांची सुमारे १,८७५ कोटी रुपयांची फसवणूक झाली आणि त्यातून सुमारे ८०० कोटींचा नफा कमावण्यात आला. लोकांकडून यूपीआयने घेतलेले पैसे नामधारी संस्थांच्या खात्यांतून फिरवून, परदेशातून सेवा आयात केल्याचे दाखवून बाहेर पाठविले गेले, असा तपासाचा निष्कर्ष आहे. २०२५ साली सूत्रधार म्हणून ठपका ठेवलेल्या इसमास स्पेनमध्ये अटक झाल्याचे आणि सुमारे २,३८५ कोटींची आभासी चलनातील मालमत्ता जप्त केल्याचे संचालनालयाने जाहीर केले. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आपण ध्यानी घ्यावयाचे ते इतकेच की, जाहिरात मैदानावर झळकली म्हणजे परवाना मिळाला असे होत नाही.

परवान्याचा कायदा फार गुंतागुंतीचा नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९ चा आहे. त्यानुसार भारतात राहणाऱ्याने परकीय चलनाचा व्यवहार अधिकृत संस्थेशीच आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करावयाचा असतो. चलनाचे वायदे करावयाचे तर ते राष्ट्रीय शेअर बाजारासारख्या मान्यताप्राप्त बाजारात, नोंदणीकृत दलालामार्फत, करावे लागतात. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी अनधिकृत मंचांची एक सावधगिरीची यादी प्रसिद्ध केली. तीत प्रथम ३४ नावे होती. पुढे ती वाढत गेली. ऑक्टाएफएक्स, बिनोमो, आयक्यू ऑप्शन, ऑलिम्प ट्रेड ही आपल्या मुलांच्या तोंडी असलेली नावे त्या पहिल्याच यादीत होती. यादीत नाव नाही म्हणून मंच अधिकृत ठरत नाही, असेही रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे. कारण नवे नाव घेण्यास एक दिवसही लागत नाही. आणखी एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. अशा मंचावर व्यवहार करणारा स्वतःही या कायद्याखाली कारवाईस पात्र ठरू शकतो. शिवाय १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमाने पैजेचा करार निरर्थक ठरविला आहे. पैजेत जिंकलेले पैसे दावा लावून वसूल करता येत नाहीत. म्हणजे जिंकलात तरी कायदा पाठीशी नाही.

मग सल्लागार खरा की खोटा हे कसे पाहावे? शेअर बाजाराचा सल्ला विकणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तसेच १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलालांना पैसे घेण्यासाठी विशेष यूपीआय पत्ता देण्याची सोय सेबीने केली आहे. त्या पत्त्यात @valid ही अक्षरे येतात व पुढे बँकेचे नाव असते. दलाल म्हणविणारा माणूस किराणा दुकानाच्या किंवा अनोळखी व्यक्तीच्या यूपीआय पत्त्यावर पैसे मागत असेल, तर त्याची बाकी परीक्षा करीत बसण्याची गरज नाही.

पैसे गेलेच, तर काय करावे? येथे तासांचे महत्त्व आहे. पाठविलेले पैसे पहिल्या खात्यात फार काळ राहत नाहीत. ते काही तासांत दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकतात. म्हणून लगेच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा, अथवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती जवळ ठेवावी. तक्रार वेळेवर पोहोचली, तर जे पैसे अजून एखाद्या खात्यात शिल्लक असतील ते बँक रोखून धरू शकते. निघून गेलेले पैसे परत मिळण्याची आशा मात्र फार थोडी. मोबाइलमधील संदेश लाजेने पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय.

यातच एक दुसरा धोका दडला आहे, आणि तो आम्हांस पहिल्याहून भयंकर वाटतो. त्या शेतकऱ्याचे पैसे ज्या पाच खात्यांत गेले, ती खाती कोणाची होती? असल्या खात्यांचे मालक पुष्कळदा आपल्या मुलांसारखेच विद्यार्थी असतात. तुझे बँकखाते व सिमकार्ड आम्हांस वापरावयास दे, महिन्यास पाच हजार घे, असे त्यांस सांगितले जाते. मुलास वाटते, आपण कोणास फसविले नाही. परंतु चोरीचा पैसा ज्या खात्यातून गेला त्या खातेदाराकडेच पोलीस प्रथम येतात. खाते गोठते, नाव गुन्ह्याच्या कागदात येते, आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य-पडताळणी होते तेव्हा तो कागद पुढे येतो. पैसे बुडालेला मुलगा चार वर्षांत सावरतो. ज्याने खाते भाड्याने दिले त्यास सावरणे कठीण जाते. म्हणून घरी गेल्यावर मुलास ट्रेडिंगविषयी विचारा, पण त्याबरोबर हेही विचारा की, तुझे खाते तुझ्याशिवाय दुसरे कोणी वापरते काय.

हे विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. त्या मुलाने दीड महिना घरी काही सांगितले नाही, त्याचे कारण भीती होते. दहा हजार गेले तेव्हाच त्याने सांगितले असते, तर दोन लाख गेले नसते. हरलेले परत मिळविण्यासाठी तो अधिक लावीत गेला, आणि लपविण्यासाठी अधिक खोटे बोलत गेला. पालकांनी प्रथम संताप आवरावा. हिशेब मागून घ्यावा, पासबुक समोर ठेवावे आणि दोघांनी मिळून एकेक ओळ वाचावी. ज्या ओळीत अनोळखी नाव दिसेल तेथे बोट ठेवावे. खरे काय घडले ते कळण्यास यापेक्षा अधिक साधन लागत नाही.

मंडळास आमची एकच विनंती आहे. नांदेड व लातूर येथे मंडळाच्या ओळखीचे निवृत्त बँक कर्मचारी आहेत, वकील आहेत. त्यांच्यापैकी दोघा-दोघांची नावे कार्यालयाच्या फलकावर लावावीत. ज्याच्या मोबाइलवर 'कर भरा, मग रक्कम सुटेल' असा संदेश येईल, त्याने पैसे पाठविण्यापूर्वी तो संदेश यांपैकी एकास दाखवावा, मग घरी सांगावयाची हिंमत झाली नसली तरी हरकत नाही. नाव गुप्त ठेवण्याची हमी मंडळाने द्यावी. एका संमेलनापासून दुसऱ्या संमेलनापर्यंत एका घरचे सोयाबीनचे पैसे जरी यामुळे वाचले, तरी त्या फलकाचा खर्च भरून निघेल.